माऊसने टाकलेला पासवर्डही चोरता येतो

सायबर कॅफेत बँकेचा पासवर्ड टाइप करू नका, ऑन-स्क्रीन कीबोर्डवर माऊसने टाका, असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. पण ऑन-स्क्रीन कीबोर्ड दोन प्रकारचे असतात, आणि ते सर्रास एकच समजले जातात.

पहिला विंडोजचा, `osk` असं टाइप करून उघडणारा. नोटपॅड उघडा आणि या कीबोर्डवर माऊसने K दाबा. अक्षर नोटपॅडमध्ये उमटतं. ब्राउझरमध्येही उमटेल, कारण हा कीबोर्ड विंडोजला फक्त ‘K दाबली गेली’ असं कळवतो. कळ खरी असो वा पडद्यावरची, विंडोजच्या लेखी तिचा क्रमांक एकच, 75. दाबलेल्या कळा चोरून टिपणारा प्रोग्रॅम, म्हणजे कीलॉगर, नेमका इथेच बसलेला असतो. `SetWindowsHookEx` या फंक्शनने तो विंडोजला सांगून ठेवतो, की प्रत्येक कळ आधी मला दाखव. माऊसने दाबलेली K-सुद्धा त्याच्यापुढूनच जाते. हा कीबोर्ड वाचवतो तो फक्त कीबोर्डची वायर आणि यूएसबी पोर्ट यांच्यामध्ये खोचलेल्या छोट्या यंत्रापासून, कारण वायरमधून काही गेलेलंच नसतं.

दुसरा कीबोर्ड बँकेच्या पानावरचा. त्यावर क्लिक केलं की पानातलाच प्रोग्रॅम पासवर्डच्या चौकटीत अक्षर भरतो. कळ दाबल्याचा निरोप विंडोजपर्यंत जातच नाही. म्हणूनच हा कीबोर्ड नोटपॅडमध्ये काही लिहू शकत नाही. इथे निव्वळ कळा टिपणारा कीलॉगर खरोखर आंधळा होतो.

चोरांनी त्यावरही तोड काढली. 2007 साली उजेडात आलेल्या झ्यूस या ट्रोजनमध्ये, म्हणजे साळसूद रूप घेऊन संगणकात शिरणाऱ्या चोरट्या प्रोग्रॅममध्ये, प्रत्येक क्लिकसरशी माऊसच्या टोकाभोवतालच्या पडद्याचा छोटा चौकोन टिपायची सोय होती. दहा अक्षरांचा पासवर्ड म्हणजे ओळीने दहा चित्रं. बँकेने अक्षरांच्या जागा दर वेळी बदलल्या, तरी चित्रात अक्षर दिसतंच.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे फॉर्म ग्रॅबिंग. ‘लॉगिन’ दाबल्यावर पासवर्ड कूटबद्ध होतो, पण ते काम ब्राउझरच्या आत होतं. त्याच्या क्षणभर आधी तो मेमरीत साध्या अक्षरांत असतो, आणि ब्राउझरमध्ये शिरलेलं ट्रोजन तिथूनच उचलतं. अक्षरं कशी भरली, याचा इथे संबंधच उरत नाही. पत्त्याशेजारचं कुलूप फक्त पुढच्या, इंटरनेटवरच्या प्रवासाची हमी देतं. ‘व्हर्च्युअल कीबोर्ड म्हणजे शंभर टक्के सुरक्षित’ ही जाहिरातबाजी आहे. यंत्रच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर त्यावरचा कुठलाच कीबोर्ड पुरा पडत नाही.

ओटीपीमुळे नुसत्या चोरलेल्या पासवर्डावर बहुधा पैसे काढता येत नाहीत. पण तोही त्याच ब्राउझरमध्ये टाकला, तर चालू लॉगिनच वापरलं जाऊ शकतं. त्यामुळे बँकेचं काम स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटा वापरून करावं. कॅफेत लॉगिन झालंच असेल, तर लॉगआउट करून लगेच आपल्या फोनवरून पासवर्ड बदलावा. कॅफेच्या त्याच संगणकावर बदलला, तर नवा पासवर्डही त्याच वाटेने जाईल.