चिमूरचा १६ ऑगस्ट १९४२: एका माहितीपटामागचे कागद

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर गावी 'भारत छोडो' आंदोलनात झालेल्या क्रांतीवर माहितीपट करायचा तर तारखेपासून सुरुवात करावी. गावातली जुनी माणसं तारीख सांगत नाहीत, "नागपंचमीला झालं" असं सांगतात. सरकारी कागद १६ ऑगस्ट १९४२ म्हणतात. शके १८६४ च्या पंचांगात श्रावण शुद्ध पंचमी त्याच रविवारी सापडते. १९४१ मध्ये नागपंचमी जुलैअखेरीस आली होती आणि १९४३ मध्ये ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात, म्हणजे ही आठवण आजूबाजूच्या वर्षांत बसतच नाही. गावाची आठवण आणि दफ्तर एकमेकांवर न विसंबता एकाच दिवशी येऊन मिळतात. अशी दुहेरी खात्री पुढच्या फार थोड्या गोष्टींबद्दल मिळते, आणि त्याचं कारण हे कागद कसे तयार झाले यात आहे.

त्या दिवशी मोर्चावर गोळीबार झाला आणि कोवळ्या वयाचा बालाजी रायपूरकर शहीद झाला. चिडलेल्या जमावाच्या हातून उपविभागीय दंडाधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे आणि पोलीस मारले गेले. १९ ऑगस्टला फौज गावात शिरली. पुरुषांची धरपकड झाली, घरं लुटली गेली आणि बायकांवर अत्याचार झाले.

सरकारने खटला चालवला तो अधिकाऱ्यांच्या खुनाचा. त्यामुळे सर्वांत जाड बाड त्याच खटल्याचं आहे. साक्षी, जबान्या आणि निकाल त्यात बारकाईने मिळतात. फौजेने काय केलं हा प्रश्न मात्र त्या न्यायालयापुढे नव्हता. निकालपत्रात अत्याचारांचा उल्लेख नाही म्हणून ते झाले नाहीत, असा निष्कर्ष काढणं ही या विषयातली सर्वांत घातक चूक ठरेल. माफीच्या साक्षीदाराची जबानीही जपून वाचावी लागते, कारण तो स्वतःची मान सोडवायला बोलत असतो.

दुसरी बाजू दफ्तराबाहेर शोधावी लागते. घटनेनंतर काही आठवड्यांनी हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे चिमूरला गेले, नागपूरहून महिला कार्यकर्त्याही गेल्या, आणि त्यांनी बायकांचं म्हणणं ऐकून घेतलं. सरकारने चौकशी नाकारली. मग गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी ११ नोव्हेंबर १९४२ पासून उपोषण धरलं. ते १२ जानेवारी १९४३ ला, त्रेसष्टाव्या दिवशी सुटलं. मधल्या काळात चिमूरच्या बातम्या छापायला बंदी होती. ६ जानेवारीला देशभरातल्या वृत्तपत्रांनी निषेध म्हणून अंक काढला नाही. म्हणून या महिन्यांच्या फायली चाळताना एखाद्या अंकात चिमूरचं नावही दिसलं नाही, तर ती शांतता बंदीची आहे हे निवेदनात सांगायलाच हवं. बंदी उठल्यानंतरच्या बातम्या वेगळ्या वाचाव्यात. त्या घटनेनंतर पाच महिन्यांनी छापलेल्या आहेत.

आता शोध कुठे घ्यायचा? चिमूर तेव्हा चांदा जिल्ह्यात होतं आणि प्रांत होता मध्य प्रांत व वऱ्हाड. 'चंद्रपूर' या नावाने शोधलं तर त्या काळचं हाती काही लागत नाही. नागपूरचं पुराभिलेखागार पाहावंच, पण १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे भोपाळकडेही विचारावं लागतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याच्या राजकीय शाखेच्या फायली आहेत. त्यातले प्रांताचे पंधरवडी अहवाल आधी वाचावेत. बरीच सूची 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. गव्हर्नर ट्वायनम यांची व्हाइसरॉयला गेलेली पत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दफ्तरात पाहावीत. आणखी एक गफलत आष्टीची होते. चिमूरबरोबर जिचं नाव घेतलं जातं ती वर्धा जिल्ह्यातली आष्टी. तिथेही १६ ऑगस्टलाच रक्त सांडलं. बीड आणि गडचिरोलीतही आष्टी आहे, म्हणून जिल्हा पाहिल्याशिवाय कागद उचलू नये.

कैद्यांची नावं जुळवणं सर्वांत किचकट. इंग्रजी निकालात एकच आडनाव दोन-तीन प्रकारे लिहिलेलं असू शकतं. तिथे बापाचं नाव, वय आणि गाव या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच माणूस एक मानावा. पेन्शनच्या प्रकरणांतली प्रमाणपत्रं उपयोगी आहेत, पण केंद्राची योजनाच १९७२ ची. तीस वर्षांनी सहकैद्याने लिहून दिलेल्या तारखेपेक्षा तुरुंगाच्या नोंदवहीतली दाखल-सुटकेची तारीख वरचढ धरावी.

"चिमूर तीन दिवस स्वतंत्र होतं, आणि सुभाषबाबूंनी बर्लिन रेडिओवरून ते जगाला सांगितलं," हे वाक्य गावात अभिमानाने ऐकू येतं. १६ ते १९ हे तीन दिवस कागदांत बसतात. सुभाषबाबू त्या ऑगस्टमध्ये जर्मनीत होते आणि आझाद हिंद रेडिओ सुरू होता, तेव्हा दुसरा भाग अशक्य नाही. तरी शक्य असणं हा पुरावा नव्हे. युद्धकाळात बीबीसीचा मॉनिटरिंग विभाग शत्रूची प्रसारणं ऐकून उतरवून घेत असे, आणि ते कागद ब्रिटनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे ठेवले गेले. त्यात तारखेसह चिमूरचा उल्लेख हाती येईपर्यंत हे वाक्य निवेदकाच्या तोंडी घालू नये. ते म्हाताऱ्या गावकऱ्याच्या तोंडीच राहू द्यावं, त्याच्या आवाजात, आणि पडद्यावर खाली 'गावातील आठवण' असं लिहावं. अत्याचारित बायकांची नावं मात्र जुन्या अहवालात छापलेली सापडली तरी पडद्यावर आणू नयेत. त्यांची घरं, त्यांची नातवंडं त्याच गावात आहेत.