हत्तीला भारी पडणारी जोडी आणि हत्तीच्या तावडीत सापडणारी जोडी

बुद्धिबळात शेजारशेजारच्या दोन स्तंभांत एकमेकांना चिकटून चाललेली, वाटेत विरोधी प्यादं नसलेली दोन प्यादी हत्तीला हरवतात, हे बहुतेक खेळाडूंनी ऐकलेलं असतं. त्यामुळे हातात अशी जोडी आली की मोहरं देऊन मोकळं व्हायचा मोह होतो. खरं तर जोडी पाचव्या रांगेत आहे की सहाव्या, यावर सगळा निकाल ठरतो, आणि पटावर पाहिलं तर दोन्ही जवळपास सारखीच दिसतात.

आधी सहावी रांग. पांढऱ्याचा राजा g1 वर, प्यादी b6 आणि c6 वर. काळ्याचा राजा g7 वर, हत्ती d2 वर, चाल काळ्याची. हत्ती b2 वर येऊन b6 वर डोळा ठेवतो. पांढरा b6 वाचवायच्या भानगडीत पडत नाही, तो c7 खेळतो. आता हत्तीने b6 घेतलं तर c8 वर वजीर होतो. हत्ती c2 वर येऊन c7 ला मागून धरतो म्हणावं, तर b7. मग त्याने c7 घेतलं की b8 वर वजीर. पहिल्याच चालीत हत्ती c2 वर गेला तरी उत्तर तसंच: b7, हत्ती b2, c7, आणि एक प्यादं मारलं की दुसरं वजीर होतं. मधे शह देऊन वेळ काढता येतो, पण राजा हत्तीच्या दिशेने चालत येतो आणि शह संपतात.

आता हीच जोडी एक घर मागे, b5 आणि c5 वर ठेवा. बाकी सगळं तेच, आणि वर चालही पांढऱ्याला द्या. तरी हत्तीच जिंकतो. पांढरा c6 खेळला तर हत्ती c2 वर. पुढे b6, हत्ती c6 मारतो, b7, आणि हत्ती c6 वरून b6 वर सरकतो. प्याद्याने वजीर केला तर हत्ती तो b8 वर जाऊन खातो, नाही केला तर प्यादं b7 वरच मरतं. पांढऱ्याने b6 ने सुरुवात केली तर हत्ती b2 वर, आणि तसाच हिशेब आरशातल्यासारखा उलटा चालतो.

फरक एका चालीचा आहे. पाचव्या रांगेतल्या जोडीतलं एक प्यादं मारून दुसऱ्याच्या मागे यायला हत्तीला वेळ मिळतो. सहाव्या रांगेत पहिलं प्यादं सरकताच सातव्यावर पोचलेलं असतं आणि वजीर करायची धमकी लगेच उभी राहते.

बचाव करणाऱ्याची नेहमीची चूक अशी: c6 झाल्यावर तो मागे राहिलेल्या b5 कडे बघतो, कारण ते एकटं पडलेलं दिसतं. हत्ती b2? मग c7, हत्ती c2, b6, हत्ती c6, b7, आणि पाचव्या रांगेतली जोडीही जिंकते. हत्ती नेहमी पुढे गेलेल्या प्याद्याच्या मागे जायला हवा. c6 ला b5 चा आधार असला तरी हरकत नाही, कारण b6 खेळताच तो आधार सुटतो.

सहाव्या रांगेचा नियमही आंधळा नाही. चाल काळ्याची असून हत्ती आधीच c2 वर असेल तर तो c6 सरळ खातो, b7 ला b6 ने उत्तर देतो. काळा राजा e7 वर असेल तरी जोडी हरते: हत्ती b2, c7, राजा d7, b7, राजा c7 वरचं प्यादं खातो, आणि b8 वर झालेला वजीर हत्तीच्या तोंडात. म्हणून मोहरं देण्याआधी दोन गोष्टी मोजायच्या: हत्ती याच चालीत एखादं प्यादं घेऊ शकतो का, आणि राजा वजीर होण्याच्या घरापर्यंत पोचतो का.

उंटाचा मामला वेगळा. काळ्या घरांचा उंट f4 वर असेल तर c7 आणि b8 ही दोन्ही घरं एकाच तिरक्या रेषेवर येतात, आणि वाटतं की तो सहाव्या रांगेतली जोडी एकटा धरेल. समजा पांढरा राजा g2 वर, काळा g7 वर. पांढरा c7 खेळतो. c8 पांढऱ्या रंगाचं घर, तिथे उंटाचा जोर नाही, म्हणून c7 मारावंच लागतं. b6 वरचं प्यादं उंट मारून c7 वर येतं आणि पुढच्या चालीत वजीर होतो. b7 मात्र इथे घाई ठरते, कारण मग काळ्याने राजा हलवला की c7, उंट c7 मारतो, b8 वजीर, उंट b8 मारतो, आणि हाती काहीच उरत नाही. हत्तीसमोर दोन्ही प्याद्यांपैकी कुठलंही पुढे सरकायला चालतं, उंटासमोर आधी कोणतं सरकायचं हे घराच्या रंगावरून ठरतं.

प्याद्यांचा असा लोंढा किती पुढे जाऊ शकतो हे 1834 साली लंडनला मॅकडॉनेल आणि ला बुर्दोने यांच्या एका डावात दिसलं. ला बुर्दोनेची तीन काळी प्यादी d2, e2, f2 वर शेजारशेजार उभी होती, आणि समोर वजीर असूनही मॅकडॉनेलने डाव सोडला.