पॅकेज ३ लाख ६० हजार, मग खात्यात २२ हजारच का?

पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर घेऊन आमच्या कार्यालयात येणाऱ्या मुला-मुलींसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी हे माहितीपत्रक आहे. हिंजवडी असो, मिहान असो की बुटीबोरी, पहिल्या पगारानंतर प्रश्न एकच येतो: "कंपनीनं आठ हजार कुठं कापले?" त्यातले सहा हजार कापलेले नसतातच. ते महिन्याच्या पगारात कधी धरलेलेच नव्हते.

सीटीसी म्हणजे तुमच्यामागं कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च. तुमच्या हातात पडणारे पैसे त्यात असतातच, पण तुमच्या नावानं दुसरीकडे भरलेले आणि पुढं कधीतरी मिळू शकणारे पैसेही त्याच आकड्यात मिळवलेले असतात. ३,६०,००० ला बारानं भागून ३०,००० काढणं आणि त्यावर गाडीचा हप्ता ठरवणं, इथंच गणित चुकतं.

समजा, ऑफर लेटरच्या मागच्या पानावर अशी फोड दिली आहे. बेसिक महिना १५,०००, घरभाडे भत्ता ६,००० आणि स्पेशल अलाउन्स ३,०००. ही बेरीज २४,०००. हाच तुमचा ग्रॉस पगार. वर्षाचे झाले २,८८,०००. उरलेले ७२,००० असे:

कंपनीचा पीएफ हिस्सा, बेसिकच्या १२ टक्के: २१,६००
ग्रॅच्युइटी, बेसिकच्या ४.८१ टक्के: ८,६५८
आरोग्य विम्याचा हप्ता: ५,७४२
व्हेरिएबल पे: ३६,०००

महिन्याला सहा हजारांचा फरक तो हा.

यातला पीएफ नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. "पीएफ कंपनी भरते" असं सांगतात ते खरं आहे, पण तो हिस्सा बहुतेक ठिकाणी सीटीसीच्या आतच मोजलेला असतो. शिवाय तुमचा स्वतःचा १२ टक्के हिस्सा, म्हणजे आणखी १,८००, ग्रॉसमधून कापला जातो. मग पासबुक उघडलं की तुमच्या रकान्यात १,८०० दिसतात आणि कंपनीच्या रकान्यात फक्त ५५०. तेव्हा लोक कंपनीनं पैसे खाल्ले म्हणत तावातावानं येतात. तसं नसतं. कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ते वेगळ्या रकान्यात दिसतात. तिन्ही आकड्यांची बेरीज ३,६०० येत असेल तर हिशेब बरोबर आहे. ती येत नसेल, किंवा स्लिपवर कपात दिसते पण पासबुकात दोन-तीन महिने नोंदच नाही, तेव्हा मात्र विचारपूस करायलाच हवी.

बेसिक १५,००० च्या वर असेल तर काही कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ कापतात, काही १,८०० वरच थांबतात. म्हणून सारख्याच पॅकेजच्या दोन मित्रांच्या हाती वेगळी रक्कम येऊ शकते.

आता ग्रॉस २४,००० मधून पीएफचे १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० वजा करा. उरले २२,०००. फेब्रुवारीत हा टॅक्स ३०० असतो, म्हणून त्या महिन्यात शंभर कमी. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर प्रोफेशनल टॅक्स नाही, त्यामुळं याच पगारात मुलीच्या खात्यात २२,२०० येतील. एवढ्या पगारावर नव्या करप्रणालीत इन्कम टॅक्स लागत नाही.

कापूस विकल्यावर भाव वेगळा आणि हमाली-तोलाई वजा होऊन हाती येणारी पट्टी वेगळी, हे आपल्याकडं घरोघरी माहीत आहे. इथं फरक इतकाच, की कापलेला पीएफ तुमच्याच नावावर जमा राहतो.

व्हेरिएबलवर मात्र भरवसा ठेवून खर्च करू नका. ३६,००० हा बहुधा जास्तीत जास्त मिळू शकणारा आकडा असतो. तुमचं काम आणि कंपनीचं वर्ष कसं गेलं, यावर तो कमी होतो. वाटपाच्या आधी नोकरी सोडली तर बहुतेक ठिकाणी काहीच मिळत नाही. ग्रॅच्युइटीही कायम नोकरीत साधारणपणे सलग पाच वर्षं झाल्याशिवाय हाती येत नाही. लग्नाच्या बैठकीत पॅकेजचा आकडा सांगायला हरकत नाही, खोलीचं भाडं ठरवताना तो विसरा.

ऑफर स्वीकारण्यापूर्वी एचआरला ईमेलवर एवढंच विचारा: महिन्याचा ग्रॉस किती, व्हेरिएबल किती आणि ते कधी देता, पीएफ कोणत्या रकमेवर कापता? जॉइनिंग बोनस सीटीसीत धरला असेल, तर किती महिन्यांत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागतो, तेही विचारून घ्या. उत्तर लेखी येऊ द्या.

आमच्याकडं हिशेब तपासायला येताना ऑफर लेटरचं फक्त पहिलं पान आणू नका. पगाराची फोड असलेलं पान हवंच. नोकरी सुरू झाली असेल तर शेवटची पगार स्लिप आणि पीएफचा यूएएन क्रमांक सोबत ठेवा. ओटीपी येतो, म्हणून आधारला जोडलेला मोबाइलही घरी विसरू नका.