सिबिल 'साफ' करून देणारे आले कुठून?

नाशिकमध्ये सिडको-अंबडकडे विजेच्या खांबावर 'सिबिल खराब? तरीही लोन' असा कागद हमखास दिसतो. खाली फक्त मोबाइल नंबर असतो, पत्ता नाही. हा धंदा समजायला थोडं मागे जावं लागतं.

बँका कर्जदारांची माहिती कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल या कंपनीकडे पाठवू लागल्या आणि २००४ पासून ती एकमेकींना दिसू लागली. कर्जदाराला मात्र स्वतःचा स्कोअर पाहायची सोय २०११ साली झाली, तीही पैसे भरून. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळू लागला तो २०१७ पासून. मधल्या वर्षांत 'सिबिलमध्ये बसत नाही' एवढंच ऐकून माणूस बँकेतून परत यायचा. का बसत नाही, हे सांगणारा म्हणून एजंट उभा राहिला.

एक उदाहरण घेऊ. क्रेडिट कार्डाची थकबाकी ४२,००० रुपये. वसुलीवाल्याशी बोलून १८,००० वर तडजोड झाली, फोन थांबले. अहवालात मात्र ते खातं 'बंद' न होता 'सेटल्ड' झालं, म्हणजे बँकेने २४,००० सोडून दिले. एजंट ८,००० घेऊन हा शिक्का पुसायचं कबूल करतो. करतो काय, तर ग्राहकाच्याच लॉगिनने तक्रार टाकतो, जी फुकट टाकता येते. मग त्या खात्यापुढे काही दिवस 'तक्रार विचाराधीन' अशा अर्थाचा शेरा दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट पाठवून 'काम सुरू झालं' म्हणायचं आणि उरलेले पैसे मागायचे. पण अशा कंपन्यांसाठीच्या २००५ च्या कायद्यानुसार बँकेने दुजोरा दिल्याशिवाय सिबिल नोंद बदलत नाही. नोंद खरी असेल तर शेरा निघून जातो आणि 'सेटल्ड' तसंच राहतं.

नोंद चुकीची असेल तर गोष्ट वेगळी. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही, तर २०२४ पासून त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळते. एजंट हे सांगत नाही, कारण मग त्याची गरजच उरत नाही.

याच माणसाला मग कर्ज मिळवून देतो म्हणणाऱ्याचा फोन येतो. बँकेने नाकारलेल्याला 'दोन लाख मंजूर' ऐकायचंच असतं. २०१५ मध्ये मुद्रा योजना आली आणि या फोनवाल्यांना सरकारी नाव आयतं मिळालं. प्रत्यक्षात मुद्रा ही संस्था कुणाला थेट कर्ज देत नाही, बँकांमार्फतच देते. व्हॉट्सॲपवर शिक्क्याचं पत्र येतं, आधी फाइल चार्ज २,५००, मग जीएसटी, मग विमा. प्रत्येक वेळी 'हे रिफंडेबल आहे, काका'. गृहकर्जाला काही खऱ्या कंपन्याही अर्ज घेतानाच 'लॉगिन फी' घेतात, म्हणून फक्त 'आधी पैसे' यावरून ओळख पटत नाही. पैसे कुणाच्या खात्यात जातात ते पाहावं. कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीच्या नावाचा यूपीआय आला, की तिथेच थांबावं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत बँकेला ती गोठवता आली, तरच काही हाती लागतं.

उदाहरणातल्या माणसाचा मार्ग सरळ आहे, महाग मात्र आहे. उरलेले २४,००० बँकेत भरायचे, थकबाकी नसल्याचं पत्र घ्यायचं आणि खातं 'बंद' म्हणून कळवायला बँकेला लेखी सांगायचं.