क्रेपच्या पिठाचे माणशी प्रमाण

क्रेप हा फ्रान्समध्ये, विशेषतः ब्रिटनी प्रांतात, घरोघरी केला जाणारा पातळ, धिरड्यासारखा पदार्थ आहे. त्याचे पीठ मैदा, दूध आणि अंडी यांचे असते. न्याहारीसाठी एका माणसाचा पोटभर वाटा म्हणजे ६० ग्रॅम मैदा, १२५ मिली दूध, एक अंडे, सुमारे १० ग्रॅम वितळलेले लोणी आणि चिमूटभर मीठ. एवढ्यात २२ सेंमी व्यासाचे साधारण साडेतीन क्रेप होतात.

वजनाने पाहिले तर दूध मैद्याच्या दुप्पट असते. मात्र मैदा हलका असल्याने कपाने मोजताना दोन्ही जवळपास सारखेच, म्हणजे प्रत्येकी अर्धा कप भरतात. वजनाचा हा ‘दुप्पट’ नियम कपाला लावला, तर पीठ पाण्यासारखे होते आणि क्रेप उलथताना फाटतो. अंडेही द्रवातच धरावे, कारण त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. अंडी वाढवली, तर क्रेप मऊ न होता आम्लेटसारखा चिवट होतो.

आईवडील आणि दहा वर्षांखालील दोन मुले असे कुटुंब धरून मुलांचा अर्धा वाटा मानला, तर एकूण तीन वाटे होतात: १८० ग्रॅम मैदा, ३७५ मिली दूध, तीन अंडी आणि ३० ग्रॅम लोणी. यांचे सुमारे ६५० मिली पीठ तयार होते आणि क्रेपमागे ६० मिली, म्हणजे लहान पळीभर पीठ घेतल्यास दहा-अकरा क्रेप निघतात. त्यांतला पहिला बहुधा तव्याचा ताप जोखण्यातच जातो. तो हिशेबात न धरलेला बरा.

मैद्यात आधी अंडी आणि थोडेच दूध घालून घट्टसर पीठ फेटावे व उरलेले दूध नंतर हळूहळू मिसळावे, कारण घट्ट पिठात गुठळ्या रगडल्या जातात, पातळ पिठात त्या नुसत्या तरंगतात. त्यानंतर पीठ अर्धा तास झाकून ठेवले की मैदा द्रव शोषून घेतो आणि फेटताना आलेला ताण सैलावतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेले पीठ सकाळी दाटलेले आढळते. त्यात एक-दोन चमचे दूध घालून ते पुन्हा सरसरीत करावे. पीठ चमच्याच्या पाठीला पातळ थराने चिकटले आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ क्षणभर टिकली, म्हणजे ते जमले. मैद्याऐवजी कणीक घेतल्यास ती दूध अधिक पिते, म्हणून वाट्यामागे चमचाभर दूध वाढवावे लागते.

गोव्यातील आलेबेले याच जातीचे असून त्यात गूळ-खोबऱ्याचे सारण भरतात. सारण पोटभरीचे असल्याने तेथे माणशी दोन पुरतात आणि पिठाचा वाटा जवळपास निम्म्यावर येतो. अमेरिकी जाड पॅनकेकला मात्र हे माप चालत नाही. त्यात ६० ग्रॅम मैद्यास साधारण ८० मिली दूध, अर्धे अंडे आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर लागते.