चंद्र एक, भरत्या दोन

गुजरातेतल्या कावी-कंबोई गावात खंभातच्या आखाताच्या काठावर स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे. भरतीला ते पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा मोकळं होतं. आपल्या धुळे-नंदुरबारकडून सुरत-भरूचला जाणारी मंडळी वाट वाकडी करून तिथं जातात, आणि मग 'समुद्र स्वतः येऊन अभिषेक करतो, विज्ञानालाही उत्तर नाही' असे व्हिडिओ गावभर फिरतात. असाच एक व्हिडिओ पाहताना दहावीतल्या भाच्यानं विचारलं, "मामा, चांद ते एकच शे ना, मंग पानी दिवसमा दोनदा काबरं चढस?"

व्हिडिओवाल्यांना सुचला नाही तो प्रश्न पोरानं विचारला. चंद्र पाणी ओढतो हे शाळेत सगळ्यांनाच सांगतात. मग चंद्र डोक्यावर आला की भरती यावी आणि तो पृथ्वीच्या पलीकडे गेला की पाणी उतरावं, म्हणजे दिवसाला एकच भरती. प्रत्यक्षात चंद्र पलीकडे असतानाही, सव्वाबारा-साडेबारा तासांनी, जवळपास तेवढीच दुसरी भरती येते. चंद्राच्या विरुद्ध बाजूचं पाणी कुणाच्या ओढीनं फुगतं?

कुणाच्याच नाही. भरती चंद्राच्या ओढीनं येत नाही, ती ओढीतल्या फरकानं येते. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून इथं जरा आकडेमोड करू.

चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सरासरी 3,84,400 किलोमीटर दूर आहे आणि पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर. म्हणजे चंद्राकडच्या बाजूचं पाणी त्याला केंद्रापेक्षा 6,371 किलोमीटरनं जवळ, तर पलीकडचं पाणी तेवढंच लांब. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, हे शाळेतलं सूत्र. पृथ्वीच्या केंद्राशी चंद्राची ओढ 100 धरली, तर अलीकडच्या पाण्यावर ती 103.4 भरते आणि पलीकडच्या पाण्यावर 96.8. तिन्ही ओढी चंद्राच्याच दिशेनं आहेत. पलीकडच्या पाण्याला उलट्या दिशेनं ओढणारं तिथं काहीही नाही.

पण पृथ्वी काही अवकाशात खिळे ठोकून बसवलेली नाही. चंद्र जसा पृथ्वीच्या ओढीनं तिच्याभोवती फिरतो, तशीच पृथ्वीही चंद्राच्या ओढीनं सतत त्याच्याकडे वळत, म्हणजे एका अर्थानं पडत असते. पृथ्वीचा घट्ट गोळा एकसंध असल्यामुळे तो सगळा मिळून 100 च्या हिशेबानं पडतो. अलीकडचं पाणी 103.4 नं ओढलं जातं, म्हणून ते गोळ्याच्या पुढे जाऊ पाहतं. पलीकडचं 96.8 नंच ओढलं जातं, म्हणून ते मागे रेंगाळू पाहतं.

चैत्रात वणीला पायी निघालेल्या तीन जणांचा विचार करा. पुढचा झपझप चालतो, मधला बेताचा आणि मागचा जरा रमतगमत. तिघंही गडाकडेच चालले आहेत, उलटं कुणीच फिरलेलं नाही. तरी तासाभरानं मधल्यानं पाहिलं तर पुढचा त्याच्यापासून लांब गेलेला आणि मागचाही लांब पडलेला. आपण पृथ्वीवर राहतो, म्हणजे कायम मधल्याच्या जागी. 103.4 मधून आपले 100 वजा केले की उरतात अधिक 3.4, आणि 96.8 मधून केले की उरतात उणे 3.2. उणे म्हणजे चंद्रापासून दूर. फुगवटे दोन का आणि ते जवळपास सारखेच का, ही दोन्ही उत्तरं या वजाबाकीत आहेत. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो. तेवढ्या वेळात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून फेरी 24 तासांत न संपता 24 तास 50 मिनिटांत संपते. एका भरतीपासून दुसरी 12 तास 25 मिनिटांनी येते, आणि आजची भरती उद्या पाऊण-एक तास उशिरा.

इथं एका जुन्या गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. 'पलीकडचा फुगवटा केंद्रोत्सारी बलानं येतो', म्हणजे गोल फिरताना बाहेर फेकू पाहणाऱ्या बलानं येतो, असं कित्येक पुस्तकांत छापलेलं असतं. पृथ्वी आणि चंद्र दोघं एका सामाईक बिंदूभोवती फिरतात हे खरंच आहे. हा बिंदू पृथ्वीच्या पोटातच, केंद्रापासून सुमारे 4,700 किलोमीटरवर आहे. पण त्या फिरण्यात, स्वतःभोवतीची गिरकी बाजूला ठेवली, तर पृथ्वीचा प्रत्येक कण सारख्याच आकाराच्या वर्तुळात फिरतो. म्हणून त्यातून येणारं केंद्रोत्सारी बल सगळीकडे सारखंच असतं. सगळीकडे सारखं असलेलं बल एका बाजूलाच फुगवटा कसा आणणार? वरच्या वजाबाकीतले '100' तेच हे. ताळा करून पाहायचा असेल तर कल्पना करा की फिरणं पूर्ण थांबलं आणि पृथ्वी व चंद्र सरळ एकमेकांवर कोसळू लागले. केंद्रोत्सारी बल शून्य, तरीही 103.4, 100 आणि 96.8 हा फरक राहतोच, म्हणून त्या शेवटच्या प्रवासातही फुगवटे दोनच असतील.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. थोडा किचकट आहे, पण सोडू नका. हा 3.4 चा फरक ऐकायला बरा वाटतो, प्रत्यक्षात तो पृथ्वीच्या स्वतःच्या ओढीच्या सुमारे 90 लाखाव्या भागाएवढा आहे. चंद्र डोक्यावर आला की 90 किलोच्या माणसाचं वजन 10 मिलिग्रॅमनं कमी होतं. एवढ्याशा बळावर समुद्र वर उचलला जाणं शक्यच नाही, आणि तो उचललाही जात नाही. पाणी वर खेचलं जातं हे आपल्या डोळ्यांपुढचं चित्रच चुकीचं आहे.

खरं काम आडव्या दिशेत होतं. चंद्राच्या बरोबर खाली आणि बरोबर विरुद्ध बाजूला फरकाचं बळ उभं असतं आणि तिथं ते पृथ्वीच्या ओढीपुढे हरतं. पण या दोन जागांच्या अधेमधे ते तिरकं असतं, म्हणजे त्याचा काही भाग जमिनीला समांतर. हा आडवा भाग आणखीच लहान, पृथ्वीच्या ओढीच्या सव्वा कोटीव्या भागाच्या आसपास. मात्र त्याला अडवायला कुणी नाही, कारण पृथ्वीची ओढ सरळ खाली असते आणि आडव्या दिशेत ती काहीच करत नाही. म्हणून हजारो किलोमीटरच्या समुद्रात सगळीकडचं पाणी किंचित किंचित त्या दोन जागांकडे सरकतं आणि तिथं साचून फुगतं. हिशेबानं नुसत्या चंद्रामुळे खोल समुद्राच्या पातळीत अर्ध्या मीटरचा फरक पडायला हवा.

आपल्या हतनूर धरणात भरती का येत नाही, हेही यातूनच कळतं. चंद्र तापीच्या पाण्याला वेगळा न्याय देत नाही. पण सव्वा कोटीव्या भागाच्या आडव्या रेट्यानं दहा किलोमीटर लांब पाण्याच्या दोन टोकांत जास्तीत जास्त एक मिलिमीटरचाही फरक पडत नाही, आणि वाऱ्याच्या एका झुळकीत तो हरवतो. फरक साचायला लांबी लागते. म्हणूनच 'शरीरात सत्तर टक्के पाणी आहे, तेव्हा पौर्णिमेला मनालाही भरती येते' हे ऐकलं की मला हसू येतं. हतनूरला जे होत नाही ते पाच-साडेपाच फुटांच्या देहात होईल काय? ज्यांना चंद्राच्या नावानं खडे आणि ताईत विकायचे आहेत त्यांनी विकावेत, पण भरतीचं नाव घेऊ नये.

ओढ नव्हे तर फरक, याचा पक्का पुरावा सूर्य देतो. सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या सुमारे 180 पट आहे. ओढीनं भरती येत असती तर चंद्राला कुणी विचारलं नसतं. पण सूर्य इतका दूर आहे की पृथ्वीच्या अलीकडे-पलीकडे त्याची ओढ जवळपास सारखीच असते. फरक अंतराच्या घनानुसार घटतो, त्यामुळे सूर्याची भरती चंद्राच्या निम्म्याहूनही थोडी कमी भरते. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात, दोघांचे फुगवटे एकावर एक बसतात आणि उधाण येतं. दोन्ही तिथींना का, तर फुगवटे दोन्ही बाजूंना असतात, म्हणून चंद्र सूर्याच्या बाजूला असो की समोर, बेरीज तीच. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात असतात आणि भांगाची भरती येते.

मग अर्ध्या मीटरच्या हिशेबावर मुंबईत उधाणाला साडेचार-पाच मीटर पाणी कसं चढतं? इथं दोन फुगवट्यांचं हे चित्र, न्यूटननं 1687 मध्ये मांडलेलं, तोकडं पडतं. फुगवट्यानं चंद्राखाली राहायचं तर त्याला विषुववृत्तावर ताशी सुमारे 1,600 किलोमीटर धावावं लागेल. चार किलोमीटर खोल समुद्रात एवढी लांब लाट ताशी 700 किलोमीटरच्या आसपासच धावू शकते, आणि वाटेत खंड आडवे येतात. चंद्र आपल्या ठेक्यानं फक्त हेलकावा देतो. प्रत्येक समुद्र आपल्या आकाराप्रमाणे डुचमळतो. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात तर दिवसाला एकच भरती येते. म्हणून चंद्र माथ्यावर असतानाच भरती येईल असं नाही, प्रत्येक बंदराचं वेळापत्रक वेगळं असतं.

खंभातचं आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं व उथळ होत जाणारं आहे. आत शिरणाऱ्या पाण्याला पसरायला जागा उरत नाही, ते उंची गाठतं. भावनगरला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. स्तंभेश्वराच्या देवळाचं बुडणं हा या आकाराचाच प्रताप आहे. समुद्राच्या अभिषेकाची उद्याची वेळ भरतीच्या तक्त्यात आजच छापलेली असते.

आपली तापी याच आखाताच्या तोंडाशी समुद्राला मिळते. सुरतेजवळ भरतीचं पाणी नदीत उलटं वर चढतं आणि तेवढे तास नदीचं पाणी समुद्रात सहज उतरत नाही. ऑगस्ट 2006 मध्ये तापीवरच्या उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावं लागलं आणि सुरत बुडालं. त्याच दिवसांत, 9 ऑगस्टला, पौर्णिमा होती. वरून पूर आणि खालून उधाण.