प्रेस शॉपमधील सुरक्षा घोषवाक्ये

पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या ऑपरेटर, हेल्पर आणि डाय सेटरसाठी यंत्राजवळ लावलेल्या छोट्या, तालबद्ध ओळींना प्रेस शॉपमधील सुरक्षा घोषवाक्ये म्हणतात. चाकण, भोसरी, वाळूज, अंबड अशा औद्योगिक वसाहतींत पत्रा कापणारे, भोकं पाडणारे आणि वाकवणारे असंख्य प्रेस चालतात. तिथला ठरलेला धोका म्हणजे प्रेसचा वरखाली होणारा जड भाग, रॅम, खाली येताना बोटं पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात, डायमध्ये, असणं. उपयोगी घोषवाक्य ही बोटं कुठे असावीत तेवढंच सांगतं.

बहुतेक कारखान्यांत घोषवाक्यं लिहिली जातात ती ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या स्पर्धेसाठी. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. स्पर्धेत निवडलेली ओळ साधारण ‘सुरक्षिततेचे नियम पाळा, अपघात टाळा’ या वळणाची असते. पाळा-टाळा हे यमक जुळतं, पण कोणता नियम आणि कोणता अपघात हे ओळीत कुठेच नाही. प्रेससमोर उभ्या माणसाला पुढच्या स्ट्रोकला, म्हणजे रॅमच्या पुढच्या फेऱ्याला, काय करायचं ते त्यातून कळत नाही, म्हणून ती वाचली जाते आणि विसरली जाते. शिवाय ‘सुरक्षितता’ हा शब्द शॉपमध्ये कुणी बोलत नाही. तिथे ‘सेफ्टी’ म्हणतात, आणि त्याहून जास्त वेळा ‘हात सांभाळ’ म्हणतात.

याच कामासाठी चालणारी ओळ अशी:

चिमटा आत, बाहेर हात

पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायला आणि काढायला चिमटा वापरायचा, हे पूर्ण काम चार शब्दांत आलं आहे. यमक ‘आत’ आणि ‘हात’ यांवर पडतं, म्हणजे ज्या दोन गोष्टी एकत्र येऊ नयेत नेमक्या त्यांवर. ओळीत क्रियापद नाही. त्यामुळे ‘घाल’ म्हणायचं की ‘घाला’, हा प्रश्नच उरत नाही आणि वीस वर्षं प्रेस चालवलेल्या माणसाला कुणी हुकूम सोडल्यासारखं वाटत नाही. ‘डायमध्ये हात घालू नका’ ही ओळ इथे दुबळी पडते, कारण हात नाही तर काय घालायचं हे ती सांगत नाही.

ताल मोजताना कागदावरची अक्षरं मोजून भागत नाही. छोट्या अभंगाच्या चरणात साधारण आठ अक्षरं धरतात, पण बोलण्यात शेवटचा ‘अ’ गळतो: ‘हात’ लिहायला दोन अक्षरं, म्हणायला एकच ठोका. म्हणून ओळ मोठ्याने म्हणून टाळीवर मोजावी. ‘चिम-टा-आत’ तीन, ‘बा-हेर-हात’ तीन. रस्त्यांवरची ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी मराठी माणसाच्या तोंडात बसली ती ‘घाई-नेई’च्या ठेक्यामुळे. मात्र प्रेसजवळच्या पाटीला तोंडात बसण्याबरोबर अचूकही असावं लागतं.

अचूकपणा कुठे निसटतो ते डाय सेटिंगच्या, म्हणजे प्रेसमध्ये डाय बसवण्याच्या, ओळीत दिसतं. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील, म्हणजे प्रेसला जोर देणारं जड चाक, बराच वेळ फिरत राहतं, आणि तेवढ्यात या चाकाला रॅमशी जोडणारा क्लच लागला तर रॅम खाली येतो. हे सांगण्यासाठी सहज सुचणारी ओळ अशी: ‘मोटर बंद, चाक चालू, थांबल्यावर हात घालू’. ठेका उत्तम, माहितीही खरी, पण अर्धीच. चाक थांबल्यावरही वर राहिलेला रॅम केवळ ब्रेक किंवा त्याचं वजन तोलणाऱ्या बॅलन्सरच्या आधारावर असतो. ब्रेकचं लायनिंग झिजलं असेल तर तो स्वतःच्या वजनाने उतरू शकतो. डाय सेटर नटबोल्ट आवळत असताना नेमकं हेच होऊ शकतं. म्हणून वरच्या आणि खालच्या डायच्या मध्ये सेफ्टी ब्लॉक, म्हणजे शॉपच्या भाषेत ठोकळा, लावावा लागतो. ‘हात घालू’ ही ओळ ठोकळ्याविना हात घालायची परवानगीच देते. गोड यमकात बसलेली अर्धी सूचना सूचना नसण्यापेक्षा घातक, कारण ती पाठ होते. दुरुस्त ओळ:

चाक थांबलं, लागला ठोकळा. मगच डायला हात मोकळा

दोन्ही भाग सात-सात ठोक्यांचे आहेत, आणि ज्या क्रमाने काम करायचं त्याच क्रमाने शब्द येतात. वीजपुरवठा तोडून कुलूप लावण्याची गोष्ट यात मावत नाही, ती कोंबूही नये. ती मुख्य स्विचजवळच्या वेगळ्या पाटीवर जाते: ‘हात ज्याचा, कुलूप त्याचं’. ज्याचा हात यंत्रात जाणार, त्यानेच आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःकडे ठेवायची.

दोन हातांच्या बटणांबाबत सगळ्यात कामाची ओळ म्हणजे ‘दोन माणसं, चार बटणं’. मोठा पत्रा धरायला हेल्पर समोर उभा असतो. ऑपरेटरचे दोन्ही हात बटणांवर अडकलेले असतात, पण हेल्परचे मोकळेच असतात. त्याला स्वतःची बटणांची जोडी हवी, आणि चारही दाबली तरच स्ट्रोक पडायला हवा. ही ओळ पाढ्यासारखी आहे, यमकाची तिला गरज पडत नाही. एका बटणात लाकडाची पाचर ठोकून किंवा ते चिकटपट्टीने दाबून ठेवून एका हाताने प्रेस चालवण्याची खोड मात्र पाटीने जात नाही. एक बटण दाबलेलंच राहिलं तर पुढचा स्ट्रोक पडणार नाही, असं सर्किट लागतं.

घोषवाक्याची मर्यादा इथेच आहे. जुन्या की-क्लच प्रेसमध्ये एकदा क्लच लागला की फेरा पूर्ण होईपर्यंत रॅम थांबवता येत नाही. चाकाला पकडणारी क्लचची की झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली तर प्रेस आपोआप दुसरा स्ट्रोक मारतो, त्याला ‘डबल मारणं’ म्हणतात. तुकडा काढायला गेलेला हात तेव्हा सापडतो. अशा प्रेसला पक्का गार्ड हवा आणि क्लचची दुरुस्ती हवी. चालू यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा करण्याची जबाबदारी कायद्यानेही मालकावरच आहे, पाटी लावून ती संपत नाही. तसंच ‘चिमटा आत’ लिहिलेल्या प्रेसला चिमटा टांगलेला नसेल, तर कामगार पहिल्याच दिवशी ठरवतो की या पाट्या साहेबांसाठी आहेत. चिमट्याचा हुक उजव्या हाताच्या टप्प्यात असावा आणि पाटी त्या हुकाच्या वरच.

पाटी प्रेसच्या खांबावर, डोळ्यांच्या उंचीला लावतात. हलत्या रॅमवर कधीच नाही. चिन्हांच्या अक्षरांची उंची वाचण्याच्या अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी धरण्याचा एक ढोबळ हिशेब आहे, पण देवनागरीत मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरं तेलाच्या थराखाली लवकर बुजतात. म्हणून दुप्पट धरणं बरं: दोन मीटरवरून वाचायची तर मात्रा सोडून अक्षर २० मिलिमीटरचं. धोक्यासाठी पिवळ्यावर काळं आणि बंधनकारक कृतीसाठी निळ्यावर पांढरं, ही भारतीय मानक आयएस ९४५७ ची रंगसंगती आहे. तेलकट खांबावर स्टिकर टिकत नाही, टांगलेला रंगवलेला पत्रा टिकतो.

मराठी न येणाऱ्या कामगारांसाठी ओळीचं भाषांतर क्वचितच जमतं. ‘चिमटा अंदर, हाथ बाहर’ हे हिंदीत सहज बसतं, पण ‘ठोकळा-मोकळा’ तिकडे जात नाही. तिथे डाय सेटिंग करणाऱ्या हिंदीभाषक कामगारांनाच बसवून नवी ओळ करून घ्यावी लागते.

ओळ लागू पडली का, हे पाहायला पाटी दोन दिवस झाकतात आणि तिसऱ्या दिवशी विचारतात. ‘पाटीवर काय आहे?’ असं विचारलं तर पाठांतर कळतं. ‘तुकडा अडकला तर काय करशील?’ असं विचारलं आणि उत्तरात ‘चिमटा’ आला, तर ओळ हातापर्यंत पोचलेली असते. दहा जणांपैकी निम्म्यांनाही तो आठवला नाही, तर अक्षरं मोठी करण्याआधी हुकावर चिमटा आहे का ते बघावं.